हळद पॉलिश ड्रम, ड्राइव्ह असेंब्ली: कामाच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपली. तीन ड्रमची ऑर्डर हातात आहे. दोन नेहमीच्या मापाचे, तिसरा मोठा. हळद शिजून वाळून जानेवारीअखेर पॉलिशला यायला लागते, म्हणजे त्याच्या आधी मशिनं पार्टीच्या शेडमध्ये उभी पाहिजेत.

ड्रम आणि चौकट जुनीच आहे, ड्राइव्ह मात्र नव्याने करायचा. ३ किलोवॅटची चार पोलची मोटर, १०० एल फ्रेम, तिथून दोन बी सेक्शनचे व्ही बेल्ट गिअरबॉक्सवर, आणि गिअरबॉक्समधून ड्रमचा शाफ्ट. मोटर पुली १२५, गिअरबॉक्स पुली २५०, दोन शाफ्टमधलं अंतर ५२०. मोटर बेस प्लेटवर बसते आणि प्लेटमधल्या चार स्लॉटमध्ये मागेपुढे सरकते, म्हणजे पट्टा ताणता येतो. वर पत्र्याचं बेल्ट गार्ड.

मागच्या वर्षी प्रत्येक पार्ट सुटा काढला होता आणि मोटर कंपनीने पायाची भोकं बदलल्यावर चार ड्रॉइंग हाताने दुरुस्त केली होती. या वेळी वरून खाली जायचं ठरवलं. असेंब्ली आधी मांडायची, त्यात मोटर आणि गिअरबॉक्स जागेवर ठेवायचे, आणि बेस प्लेट व गार्ड असेंब्लीच्या आतच काढायचे. प्लेटची भोकं मोटरच्या पायावरून घेतील, गार्डचा आकार पुल्यांवरून. सॉलिडवर्क्समध्ये याला इन-कॉन्टेक्स्ट म्हणतात.

१२ नोव्हेंबर

प्लेट झाली. ३५० लांब, १२ जाड. बाहेरचा आकार आणि चौकटीवर बसायची चार कोपऱ्यांतली भोकं प्लेटच्या स्वतःच्या मापांवर आहेत. स्लॉट मात्र मोटरवरून आले. प्लेट एडिट करत असताना मोटरच्या पायाच्या चारही भोकांच्या कडा `Convert Entities` ने स्केचमध्ये उचलल्या आणि प्रत्येक केंद्राभोवती दोन्ही बाजूंना २५ चालेल असा स्लॉट काढला. रुंदी १२, टोकापासून टोकापर्यंत ६२. १०० एल फ्रेमला पायाची भोकं आडवी १६० वर असतात, म्हणजे दोन्ही कडांपासून स्लॉटचं केंद्र बरोबर ९५ वर आलं. प्लेट सममित दिसते, छान दिसते.

ट्री अशी आहे:

```
DRV_BASE_PLATE ->
    Boss-Extrude1
    Cut-Extrude1
    Cut-Extrude2 ->
        Sketch3 ->
```

बाण म्हणजे या फीचरला बाहेरून कुठून तरी आकार येतोय. गार्डही तसंच केलं, पुल्यांच्या बाहेरच्या वर्तुळांपासून ४० ऑफसेट. गंमत म्हणून अंतर ५२० चं ५४० केलं. प्लेटचे स्लॉट सरकले, गार्ड लांब झालं, कुठे लाल खूण नाही. परत ५२० केलं. मागच्या वर्षीचे चार दिवस आठवले आणि बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर

उद्या मतदानाची सुट्टी. लेझर कटिंगवाल्याने सांगितलं होतं की आज फाइल आली तरच या आठवड्याच्या शीटमध्ये बसेल. म्हणून गडबड.

दुपारी ज्युनिअरला काम दिलं होतं, की पट्टा चढवता-उतरवता येतो का ते बघ. त्याने अंतराच्या मेटमध्ये, म्हणजे असेंब्लीत मोटरची जागा ठरवणाऱ्या अटीत, ५२० चं ४८५ केलं आणि सांगितलं, "सर, पस्तीस आत आली की बेल्ट आरामात निघतोय. मोटर कुठे अडत नाही. इंटरफिअरन्सही शून्य आहे." बरं झालं म्हटलं. असेंब्ली सेव्ह, सगळं सेव्ह. संध्याकाळी सहाला प्लेटचं ड्रॉइंग उघडून पीडीएफ आणि डीएक्सएफ काढली, दोन नग म्हणून पाठवली. गार्डची शीट अजून मिळालेली नाही, ते नंतर.

२१ नोव्हेंबर

ज्युनिअरने मेट परत ५२० केला. बाकी काही नाही.

२६ नोव्हेंबर

गार्डची डीएक्सएफ गेली. दोन नग.

२९ नोव्हेंबर

पहिल्या मशिनचं फिटिंग. वाईट दिवस.

प्लेट चौकटीवर बसली, चारही बोल्ट लागले. मोटर बसली. पट्टे चढले, जरा जास्तच सहज चढले. मिस्त्री मोटर मागे ओढायला लागले आणि बोल्ट स्लॉटच्या टोकाला जाऊन अडकले. पट्टा अजून लोंबतोय. अंगठ्याने दाबला तर खाली जातच राहतो. टेपने शाफ्टमधलं अंतर मोजलं तर ५१०. याच्या पुढे मोटर जात नाही.

दहा मिलिमीटर कमी म्हणजे पट्टा साधारण वीस मिलिमीटर सैल, कारण तो दोन बाजूंनी जातो. एवढ्या ढिलाईत पुली फिरेल आणि पट्टा जागेवर घसरत बसेल.

मिस्त्रींनी प्लेटकडे बघून एकच वाक्य टाकलं, "साहेब, ही प्लेट कुणीतरी एका बाजूला ढकलल्यासारखी वाटते." मी मोजली. गिअरबॉक्सकडच्या कडेपासून स्लॉटचं केंद्र ६०. दुसऱ्या कडेपासून १३०. दोन्हीकडे ९५ असायला हवं होतं.

पहिला संशय अर्थातच लेझरवाल्यावर. त्याला फोन करून दोन शब्द सुनावलेही. त्याने शांतपणे सांगितलं, तुमची फाइल उघडून बघा. उघडली. फाइलमध्ये ६० आणि १३० च आहे. मग आपलं मॉडेल उघडलं. मॉडेलमध्ये ९५ आणि ९५. ड्रॉइंगमध्येही ९५.

३० नोव्हेंबर

रात्रभर डोक्यात तेच. मॉडेल बरोबर, ड्रॉइंग बरोबर, आणि त्याच ड्रॉइंगमधून निघालेली फाइल चूक. हे कसं शक्य आहे?

सकाळी गार्डवरून सुगावा लागला. गार्ड आणि प्लेट एकाच मशिनचे, पण गार्डच्या मागच्या पत्र्यातलं मोटर शाफ्टचं भोक ५२० च्या हिशोबाने आहे आणि प्लेट ३५ ने आत. पस्तीस हा आकडा दिसला आणि १९ तारीख आठवली.

झालं ते असं. स्लॉट मोटरच्या पायाच्या भोकांना बांधलेले. मोटर असेंब्लीत अंतराच्या मेटने जागेवर. मेटमध्ये ४८५ लिहिलं की मोटर ३५ सरकली, आणि असेंब्ली रिबिल्ड होताच प्लेटचे स्लॉटही मोटरच्या मागोमाग ३५ सरकले. प्लेटची बाहेरची कड आणि चौकटीची भोकं हलली नाहीत, कारण ती स्वतःच्या मापांवर होती. सगळं सेव्ह झालं. त्या संध्याकाळी ड्रॉइंग उघडलं तेव्हा ड्रॉइंगमधली मापंही मॉडेलबरोबर बदलून ६० आणि १३० झाली होती. तीच फाइल गेली. एकवीसला मेट ५२० झाला आणि मॉडेलने मागचा पुरावा पुसून टाकला. सव्वीसला गार्ड गेलं ते योग्य मापाचं.

म्हणजे प्लेटचा आकार मोटरच्या आकारावरून येतो असं मी समजत होतो. खरं तर तो मोटरच्या जागेवरून येत होता. असेंब्लीत एखाद्या पार्टची कड उचलली की ती कड त्या घडीला जिथे उभी आहे तिथून उचलली जाते. स्थिर पार्टच्या बाबतीत हे दोन्ही एकच असतं. सरकणाऱ्या पार्टच्या बाबतीत नसतं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली. पट्टा काढायला ३५ आत यावं लागतं आणि स्लॉट आत फक्त २५ देतो. म्हणजे योग्य मापाची प्लेट आली असती तरी पट्टा उतरला नसता! १९ तारखेची तपासणी नेमकी हीच चूक पकडण्यासाठी होती. पण स्लॉट स्वतःच मोटरबरोबर सरकत असल्यामुळे बोल्ट कायम स्लॉटच्या मधोमधच राहिला. इंटरफिअरन्स शून्य येणारच होता. मोटर दोन मीटर लांब नेली असती तरी स्लॉट तिथे हजर झाला असता. जो पार्ट दुसऱ्याच्या मागे चालतो तो त्या दुसऱ्याला कधी अडवणार नाही, मग त्याच्यावर तपासणी कसली करायची.

ज्युनिअरचा चेहरा उतरला होता. त्याला म्हटलं, बाबा, तू मेट बदललास ते बरोबरच केलंस, त्यासाठीच असेंब्ली असते. प्लेट अशी बांधून ठेवली ती मी.

२ डिसेंबर

दोन प्लेटांचं करायचं काय? आत्ताचा स्लॉट मोटरला ४६० ते ५१० मध्ये फिरवतो. आपल्याला ४८५ ते ५४५ पाहिजे, म्हणजे बाहेरच्या बाजूला ३५ वाढवायचा. एका ओळीतल्या दोन स्लॉटमध्ये ९८ चं अंतर आहे, त्यातले ३५ गेले तरी ६३ उरतात. ताकदीला चालेल. प्लेटा मिलिंगला दिल्या. स्लॉट आता ९७ लांब होतील, दिसायला बेढब, पण काम करतील. लेझरवाल्याला फोन करून माफी मागितली.

दरम्यान ज्युनिअरने सकाळी स्वतःच एक उपाय करून आणला. अंतराचा मेट काढून टाकायचा आणि मोटरची भोकं प्लेटच्या स्लॉटशी मेट करायची, म्हणजे मोटर स्लॉटच्या बाहेर जाणारच नाही. ऐकायला बरोबर. रिबिल्ड केलं. ट्रीमधली रिबिल्डची खूण गेली नाही. `Ctrl+Q` दाबलं, तरी गेली नाही. पुन्हा दाबलं, मोटर थोडी हलली. पुन्हा दाबलं, अजून थोडी हलली.

स्लॉट कुठे आहे हे मोटर सांगते, आणि मोटर कुठे आहे हे स्लॉट सांगतो. असेंब्ली आधी मेट सोडवते आणि मग प्लेट नव्याने काढते. प्लेट बदलली की मेट पुन्हा सोडवावे लागतात. संपणार कधी? दरवेळी ती हलेलच असं नाही. कधीकधी नुसती खूण लटकत राहते आणि माणसं म्हणतात सॉफ्टवेअरच असं आहे. `Ctrl+Q` नंतरही खूण राहिली तर आधी असं वर्तुळ शोधायचं, ही आता माझी सवय होणार.

५ डिसेंबर

पूर्ण ड्राइव्ह पुन्हा मांडला, या वेळी सांगाड्यावरून.

`DRV_SKELETON.sldprt` नावाचा एक पार्ट केला. त्यात घन काहीच नाही, फक्त दोन स्केच आणि तीन प्लेन. स्केचमध्ये गिअरबॉक्सचा अक्ष, मोटरचा अक्ष ५२० वर, मोटरच्या पायाच्या भोकांचा आयत, आणि सरकण्याची हद्द, आत ३५ आणि बाहेर २५. प्लेट, गार्ड आणि गिअरबॉक्सचं स्टँड या तिन्ही पार्टांमध्ये तो `Insert > Part` ने आणला आणि त्याच्या स्केचवरून आकार घेतले. प्लेटमधला स्लॉट आता ७२ लांब आहे आणि मुद्दाम सममित नाही. त्याचं केंद्र ५१५ वर येतं, कारण ४८५ आणि ५४५ चा मध्य तोच.

यात असेंब्ली मध्ये येतच नाही. बाण ट्रीमध्ये अजून आहेत, पण ते असेंब्लीतून मोटरकडे न जाता सरळ सांगाड्याच्या फाइलकडे बोट दाखवतात. असेंब्लीत मोटर कुठेही ओढा, प्लेट जागची हलत नाही.

मोटर आता असेंब्लीत प्लेटच्या वर टेकवली आहे आणि तिला हद्दीचा अंतर मेट दिलाय, ४८५ ते ५४५. हे दोन आकडे मात्र हाताने लिहिलेले आहेत, सांगाड्यातून येत नाहीत. उद्या कुणी सांगाड्यात हद्द कमी केली आणि मेट विसरला तर मॉडेल एक सांगेल आणि प्लेट दुसरंच. पण त्या वेळी ते निदान दिसेल तरी, कारण बोल्ट स्लॉटच्या पत्र्यात घुसलेला असेल आणि इंटरफिअरन्स लाल होईल.

मोटर ४८५ वर ओढून पाहिली. बोल्ट स्लॉटच्या टोकाला बरोबर टेकला. या वेळी ज्युनिअरच्या तपासणीला अर्थ होता.

११ डिसेंबर

तिसरा ड्रम मोठा आहे, त्याला ४ किलोवॅट लागते. म्हणजे ११२ एम फ्रेम.

प्रयोग म्हणून आधी जुन्या पद्धतीच्या असेंब्लीच्या प्रतीत मोटर बदलून पाहिली, `Replace Components` ने. मला वाटलं होतं निदान इथे तरी जुनी पद्धत जिंकेल. उलटंच झालं. दोन्ही मोटरींची मॉडेलं कंपनीच्या स्टेप फाइलमधून आलेली, त्यांच्या कडांची अंतर्गत ओळख वेगळी. प्लेटच्या स्केचला जी कड माहीत होती ती राहिलीच नाही. स्केचमधल्या रेषा तपकिरी झाल्या, फीचरवर पिवळा त्रिकोण आला, आणि स्लॉट जुन्याच १६० वर थांबले. नवीन मोटरला १९० पाहिजे. त्रिकोण नसता तर प्लेट दिसायला अगदी धडधाकट होती, आणि आमच्याकडे पिवळ्या त्रिकोणांकडे कुणी बघत नाही ही खरी अडचण.

सांगाड्यात मात्र चार आकडे बघून त्यातले तीन बदलले आणि काम झालं. ते चारही आकडे लिहून ठेवण्यासारखे आहेत:

पायाची आडवी भोकं १६० वरून १९०. शाफ्टच्या दिशेची १४० होती ती १४० च राहिली. शाफ्टची उंची १०० वरून ११२. आणि जो आकडा कुणाच्याही लक्षात राहत नाही तो, शाफ्टच्या खांद्यापासून पहिल्या भोकापर्यंतचं अंतर, ६३ वरून ७०. हे सात मिलिमीटर प्लेटमध्ये आले नाहीत तर मोटरची पुली गिअरबॉक्सच्या पुलीपेक्षा सात मिलिमीटर बाहेर बसते आणि दोन्ही पट्टे तिरके चालून कडेने खाऊन जातात. आम्ही हे दोन वर्षांपूर्वी एका जुन्या मशिनवर पाहिलंय, तेव्हा कारण सापडायला महिना गेला होता.

शाफ्ट २८ चाच आणि ६० लांबच आहे, त्यामुळे पुलीचं भोक आणि चावी बदलावी लागली नाही. उंचीचे १२ मिलिमीटर तसेच सोडले. ५२० च्या अंतरावर १२ वर गेल्याने अक्षांमधलं खरं अंतर ५२०.१४ होतं, ते ताणात जिरून जाईल.

प्लेट ३५० चीच राहिली. गिअरबॉक्सकडच्या कडेपासून स्लॉटचं केंद्र ७५, दुसरीकडे ८५. या वेळी असमान आहे ते ठरवून.

१७ डिसेंबर

आजची चूक छोटी, पण लिहितो.

ज्युनिअरने मोठ्या ड्रमसाठी ड्राइव्ह असेंब्ली `Save As` करून नव्या नावाने ठेवली. जुनी असेंब्ली उघडली तर तिच्यातल्या गिअरबॉक्स गार्डच्या कंसावर, म्हणजे ब्रॅकेटवर, `->?` दिसलं. कंस हा एकच पार्ट अजून जुन्या पद्धतीने असेंब्लीतून बांधलेला होता, राहून गेला होता.

प्रश्नचिन्ह म्हणजे हा पार्ट ज्या असेंब्लीतून आकार घेतो ती आत्ता उघडी नाही. `Save As` करताना सॉफ्टवेअरने विचारलं होतं की या असेंब्लीकडे बोट दाखवणारे पार्ट आता नव्या नावाकडे वळतील, प्रत म्हणून सेव्ह करायचं का? त्याने न वाचता ओके केलं. कंस नव्या असेंब्लीचा झाला, आणि जुनी दोन मशिनं पोरकी. उद्या मोठ्या ड्रममध्ये काही हललं की छोट्या ड्रमचा कंस गुपचूप बदलेल, कारण फाइल एकच आहे. यापुढे नवीन मशिन `Pack and Go` ने, पार्टांच्या नावांपुढे मशिनचा नंबर लावून, सगळी एकत्र.

कंसही सांगाड्यावर आणला. ट्रीमधला प्रत्येक बाण कुठे जातो हे बघायला पार्टवर राइट क्लिक करून `External References` उघडायचं. आज सातही पार्टांचं केलं. सहा सांगाड्याकडे जातात. सातव्याने, मागच्या पत्र्याने, एका बोल्टच्या डोक्याची कड धरलेली निघाली. कुणी मुद्दाम केलेली नाही. असेंब्लीत एडिट करताना माप देताना माउस बोल्टवर गेला असणार. मशिनच्या मागच्या पत्र्याचा आकार एका एम८ च्या बोल्टच्या भरवशावर! तोडून टाकला आणि माप स्वतःचं दिलं. आता असेंब्लीत पार्ट एडिट करताना, जोपर्यंत मुद्दाम बाहेरचं काही धरायचं नाही तोपर्यंत `No External References` चालू ठेवायचं असं भिंतीवर लिहून ठेवलंय.

१८ डिसेंबर

फाइल बाहेर पाठवायच्या आधी काय करायचं यावर दिवसभर वाद.

ज्युनिअरचं म्हणणं, सगळे बाण `Break All` करून टाकू, म्हणजे कटकटच गेली. मी नको म्हटलं. तोडलेला बाण `->x` होतो आणि परत जोडता येत नाही. पुढच्या वर्षी १३२ फ्रेम आली तर पुन्हा सगळं हाताने. शिवाय स्केचमधल्या रेषांचे संबंध तसेच राहतात, फक्त काही न ऐकणारे. नवीन माणसाला कळत नाही की ही रेष का हलत नाही.

`Lock All` करायचं ठरलं. खूण `->*`. कुलूप असेपर्यंत पार्ट जागचा हलत नाही, त्यात नवीन बाहेरचा संबंधही जोडता येत नाही, आणि गरज पडली की उघडता येतं. एकोणीस नोव्हेंबरच्या दुपारी प्लेटला कुलूप असतं तर मोटर ४८५ वर गेली असती आणि प्लेट ९५ वरच राहिली असती.

कुलूपाची दुसरी बाजूही लगेच समोर आली. दुपारी मी सांगाड्यात गार्डच्या पट्टीची रुंदी ३२ वरून ४० केली आणि गार्ड बदललंच नाही. पाच मिनिटं मला वाटलं सांगाडाच बिघडला. मग `->*` दिसलं. म्हणून ठरवलं की कुलूप कधी लावलं ते रिव्हिजन टेबलमध्ये लिहायचं, आणि सांगाड्याला हात लावणाऱ्याने आधी कोणत्या पार्टांना कुलूप आहे ते बघायचं.

डीएक्सएफच्या बाबतीत एक नियम नवा. फाइल काढायच्या आधी पार्ट एकटा न उघडता असेंब्ली उघडायची, `Ctrl+Q`, मग ड्रॉइंग, आणि ड्रॉइंगवर प्लेटच्या कडेपासूनची दोन मापं लाल पेनाने कागदी यादीशी ताडायची. यादी कागदावर, हाताने लिहिलेली. कॉम्प्युटरमधली यादी मॉडेलबरोबर बदलून जाईल.

२७ डिसेंबर

पहिली दोन मशिनं चालू. मिलिंग केलेले लांबडे स्लॉट, वर मोठे वॉशर. पट्टे ताणले ५२६ वर. पट्टे बसून थोडे ढिले होतील तेव्हा अजून १९ शिल्लक आहेत.

८ जानेवारी २०२५

मोठ्या ड्रमची प्लेट आली. मिस्त्रींनी आधी टेप लावली, मोटरला हात लावायच्याही आधी. पंचाहत्तर आणि पंच्याऐंशी. "ही पण वाकडीच आहे," म्हणाले. मी म्हटलं, "मामा, ही ठरवून वाकडी आहे." त्यांना पटलं नाही. मोटर बसवली, ४८५ ला आणली, पट्टे चढवले, ५२३ ला ताणले. पुल्यांच्या तोंडावर सरळ पट्टी धरली. चारही ठिकाणी टेकली, सात मिलिमीटरचा कुठे मागमूस नाही.

गार्ड बसवताना एक बोल्ट उलटा लावावा लागला, कारण पाना आत जात नाही. ते मॉडेलमध्ये दिसलं नव्हतं, कारण मॉडेलमध्ये पाना नव्हता. सोमवारी सांगाड्यात पान्याची जागा आखून ठेवतो.